कमी दिसतं, वॉकर लागतो, तरी पोहे स्वतःच करायचेत: स्वयंपाकघराच्या मांडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागांतल्या मराठी घरांत जाऊन ओट्याची मापं घेणं हे माझं नेहमीचं काम. खालचे प्रश्न तिथे मुलं, सुना आणि स्वतः आजी-आजोबा विचारतात ते आहेत. उत्तरं मात्र मी एकाच घराला धरून देते, म्हणजे ती हवेत राहत नाहीत. रामबागेतल्या एक आजी, वय 76. दोन्ही गुडघे झिजलेले, वॉकरशिवाय चालत नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालेला, त्यामुळे समोर बघितलेली वस्तू पुसट आणि कडेची त्यातल्या त्यात बरी दिसते. सकाळचा चहा आणि पोहे आपणच करणार, हा त्यांचा हट्ट. घरच्यांना तो धोक्याचा वाटत होता, मला रास्त वाटला.

सुरुवात कुठून करायची? ओटा तोडावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. आधी एक दिवस काहीच बदलू नका. त्यांना त्यांच्या पद्धतीने चहा करू द्या आणि तुम्ही दारात उभं राहून नुसतं बघा. मदतीला हात पुढे करू नका, फक्त काही जळत-सांडत असेल तरच मध्ये पडा. हात खांद्याच्या वर किंवा कमरेच्या खाली कधी गेला, गरम भांडं कुठून कुठे गेलं आणि त्या कुठे थांबून चाचपडल्या, एवढं टिपून घ्या.

आजींच्या घरी चहा-साखरेचे डबे गॅसच्या बरोबर वरच्या फळीवर होते, म्हणजे पेटलेल्या शेगडीवरून हात नेल्याशिवाय साखर मिळत नव्हती. उकळता चहा गाळायला त्या पातेलं घेऊन बेसिनपर्यंत तीन पावलं जात होत्या, एका हातात वॉकर आणि दुसऱ्यात सांडशी. आणि गॅसचं बटण बंद झालं की नाही हे बघायला तोंड ज्योतीच्या जवळ नेत होत्या. पुढची सगळी मांडणी या तीन गोष्टींतून निघाली. फर्निचरवाल्याला बोलावलं असतं तर त्याने नवे ड्रॉवर बसवून दिले असते आणि या तिन्ही गोष्टी तशाच राहिल्या असत्या.

हात कुठवर पोचतो, हे कसं मोजायचं?

एका हाताने मोजायचं, कारण दुसरा हात आधाराला लागतो. ही गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. त्यांना ओट्यापाशी नेहमीसारखं उभं करा, एक हात ओट्याच्या कडेवर ठेवायला सांगा आणि दुसरा हात न वाकता, टाचा न उचलता जिथवर सहज जाईल तिथे खडूने खूण करा. ओट्यावर अशी एक कमान तयार होते. रोजच्या सगळ्या वस्तू त्या कमानीच्या आत.

ओटा साधारण 24 इंच खोल असतो. आजींचा हात 15 इंचांवर थांबला. मागचे 9 इंच त्यांच्या दृष्टीने नसल्यासारखेच, म्हणून तिथे मिक्सर आणि सुनेच्या वस्तू गेल्या. उंचीचंही तसंच: कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा रोजच्या वापराचा. आजींची उंची 4 फूट 10 इंच, म्हणून त्यांचा पट्टा जमिनीपासून 30 ते 48 इंच. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, ते अंगावरूनच घ्या. वरच्या फळीसाठी स्टूल ठेवायचंच नाही. स्टूल दिसलं की माणूस चढतो.

वॉकर घेऊन ओट्याजवळ नीट उभंच राहता येत नाही. काय करावं?

वॉकरचे पुढचे पाय खालच्या कपाटाला अडतात, त्यामुळे माणूस ओट्यापासून फूटभर लांब राहतो आणि पुढे झुकून काम करतो. तोल जातो तो इथेच. वॉकर समोर ठेवायचा नाही. ओट्याशी आल्यावर एक हात ओट्यावर टेकवून वॉकर बाजूला, हाताशी राहील असा लावायचा आणि कंबर ओट्याला टेकवून उभं राहायचं. त्याची जागा रोज तीच हवी. आजींसाठी ती शेगडीच्या डावीकडे ठरवली आणि ओट्याच्या कडेला तिथे पिवळ्या टेपचा एक पट्टा लावला.

ओट्याची कड धरायला गुळगुळीत आणि जाड असते, मूठ बसत नाही. शेजारच्या भिंतीवर सव्वा इंच जाडीचा स्टीलचा दांडा पक्क्या बोल्टने बसवून घ्या. भिंतीला चिकटणारे रबरी वाटीचे दांडे नकोत, तेलकट टाइलवर ते कधी सुटतील याचा नेम नाही.

बसून स्वयंपाक केला तर सोपं नाही का पडणार?

चिरणं, निवडणं, पीठ मळणं बसून करावं. पेटत्या शेगडीच्या अगदी समोर बसणं मला पसंत नाही. उभ्या माणसाच्या अंगावर उकळतं सांडलं तर तो निदान मागे सरतो, बसलेल्याच्या ते मांडीत साठतं आणि गुडघे दुखणाऱ्याला झटकन उठता येत नाही.

चिरण्यासाठी ओट्याच्या एका भागाखालचं कपाट काढून गुडघ्यांना जागा करा. बैठक ओट्यापेक्षा साधारण 10 इंच खाली हवी. आजींचा ओटा 34 इंच, म्हणून बैठक 24 इंच. पाठ, हात आणि पाय टेकायला पट्टी असलेली चार पायांची खुर्ची घ्या, पायांना रबरी टोप्या लावा. चाकाची खुर्ची अजिबात नको. 24 इंच ऐकून घरचे दचकतात, पण दुखऱ्या गुडघ्यांना उंच बैठकीवरून उठणं बुटक्या मोड्यापेक्षा सोपं जातं.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांना मात्र बसूनच शिजवावं लागतं. त्यांच्यासाठी शेगडी समोर न ठेवता थोडी बाजूला घ्यावी, म्हणजे भांडं मांडीवरून न्यावं लागत नाही. त्यासाठी ओटा उतरवलात तर एक लक्षात ठेवा: शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर असली पाहिजे आणि सिलिंडर उभाच हवा. 30 इंचांच्या ओट्यावर ते जमतं. चौरंगावर शेगडी आणि शेजारी जमिनीवर सिलिंडर ही मांडणी चालत नाही.

गरम भांडं उचलायचं नाही म्हणता, मग उतरवायचं कसं?

सरकवायचं. पण त्यात एक अडचण आहे. शेगडी ओट्यावर ठेवलेली असते, त्यामुळे तिची जाळी ओट्यापेक्षा चार-पाच इंच उंच असते. भांडं बाजूला घ्यायचं म्हणजे उचलून खाली उतरवावंच लागतं, आणि कमी दिसणाऱ्या माणसाला ओटा नक्की किती खाली आहे ते कळत नाही. भांडं आपटतं किंवा कलंडतं.

उपाय स्वस्त आहे. शेगडीच्या शेजारी जाळीच्या उंचीची एक पायरी बांधून घ्या: आडवी वीट, थोडा मसाला आणि वर पांढरी मॅट टाइल. आजींच्या घरी मिस्त्रीने ती अर्ध्या दिवसात केली, एक फूट बाय दीड फूट. शेगडीची जाळी मोजूनच उंची ठरवा, अंदाजाने नको. शेगडी आणि पायरी यांच्यात पुसायला दोन बोटं जागा सोडा. लाकडाचा पाट ठेवू नका, तो ज्योतीच्या फार जवळ येतो. आता भांडं शेगडीवरून आडवं पायरीवर येतं, हाताला वजन जाणवतं ते जेमतेम क्षणभर. काळ्या ग्रॅनाइटवर पांढरी टाइल उठून दिसते, म्हणून कुठे ठेवायचं तेही वेगळं शोधावं लागत नाही.

भांडी दोन कानांची घ्या. सांडशीला मनगटात जोर लागतो आणि संधिवाताच्या हातातून ती फिरते. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात छोट्या कढया आणि दोन कानांची पातेली सहज मिळतात. विकत घेण्याआधी त्यात पाणी भरून आजींच्याच हातात देऊन बघा, तुमच्या नाही.

चहा गाळताना सांडतो. पातेलं तिरकं केलं की कपाबाहेर जातो.

ओतायचाच नाही. पातेलं पायरीवर घ्यायचं, खाली ओट्यावर उंच काठाच्या ताटात कप ठेवायचा, कपावर गाळणं, आणि छोट्या ओगराळ्याने चहा गाळण्यात घालायचा. आजींच्या कपाला दोन ओगराळी बसतात, त्यामुळे कप भरला की नाही हे बघावंच लागत नाही. चहाचा कप आतून पांढरा हवा, दुधाचा पेला आतून गडद. स्टीलच्या पेल्यात दूध किती आहे हे धड दिसणाऱ्यालाही चटकन कळत नाही.

बोट आत घालून पातळी बघायची सवय असेल तर ती फक्त गार पाण्यापुरती.

ज्योत दिसत नाही. गॅस चालू आहे की बंद, कसं ओळखायचं?

बटणावरून. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांचं बटण दाबून डावीकडे फिरवलं की पाव फेऱ्यात मोठी ज्योत येते आणि आणखी पाव फेरा गेला की बारीक. म्हणजे बटणाची खूण वर असेल तर बंद, डावीकडे असेल तर मोठा, खाली असेल तर बारीक. तुमच्या शेगडीवर ही पद्धत आधी तपासून घ्या. मग बटणाच्या टोकावर हाताला लागेल असा एक उंचवटा करा. कपड्यावर नक्षी काढायचा थ्री-डी रंग किंवा जलद सुकणाऱ्या इपॉक्सी पुट्टीची मसुराएवढी गोळी पुरते. टिकली लावू नका, तेलाच्या हाताने दोन दिवसांत निघते. बटण आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं केलं नाहीत तर पुट्टीही निघेल.

भांडं आधी ठेवायचं, मग पेटवायचं. गार जाळीचे पाय हाताने चाचपून पातेलं मध्ये बसवा, मग बाजूने लायटर लावा. लायटरची ठिणगी आधी आणि बटण त्याच्या लगेच मागून. पेटल्याचा भक्क आवाज आला नाही तर बटण बंद करून थोडं थांबायचं. बारीक ज्योत वाऱ्याने विझू शकते, म्हणून विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळाली तर घ्या. त्याला फ्लेम फेल्युअर डिव्हाइस म्हणतात. पण भांडं करपत असेल, पाणी आटलं असेल, तर ते काही करत नाही.

त्यापेक्षा इंडक्शन घेतलेला बरा नाही का?

पदर आणि ज्योत हा धोका जातो, हे खरं. पण दुकानात बहुतेक मॉडेल सपाट टच-पॅनेलची असतात आणि कमी दिसणाऱ्याला ती उपयोगाची नाहीत. बोटाला काही लागतच नाही. दाबली जाणारी बटणं किंवा फिरवायचा खटका असलेलाच घ्या आणि फक्त तीन बटणांवर उंचवटे करा: चालू-बंद, वाढव, कमी कर. सगळ्यांवर केलेत तर परत गोंधळ.

इंडक्शनची काच स्वतः तापत नसली तरी भांड्याच्या तळाने गरम होते, आणि बंद झाल्यावर ते दिसत नाही, ऐकूही येत नाही. भांडी लोहचुंबक चिकटणाऱ्या सपाट तळाचीच लागतात, म्हणजे जुनी ॲल्युमिनियमची कढई बाद. साधारण 2000 वॉटचा भार असल्याने 16 अँपिअरचा सॉकेट हवा, लांब एक्स्टेन्शनवर लावू नका. छातीत पेसमेकर असेल तर निदान दोन फूट अंतर ठेवायला सांगतात, आणि ओट्याशी उभं राहून ते पाळणं कठीण आहे, म्हणून आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आजींनी गॅसच ठेवला. पन्नास वर्षं ज्याचा आवाज ओळखीचा आहे ते उपकरण सोडायला लावावं, असं मलाही वाटलं नाही.

लाईट भरपूर आहे, तरी दिसत नाही म्हणतात. असं का?

लाईट बहुधा पाठीमागे आहे. एक वर्तमानपत्र ओट्यावर पसरा आणि संध्याकाळी त्यांना समोर उभं करा. कागदावर त्यांचीच सावली पडली तर खोलीत दोन ट्यूब वाढवूनही फरक पडणार नाही. प्रकाश माणूस आणि ओटा यांच्या मध्ये, वरून यायला हवा. भिंतीवरच्या फळीखाली, पुढच्या कडेला, दोन फुटी एलईडी पट्टी लावा आणि तिच्यावर दुधी झाकण असू द्या. फळीची कड किंवा छोटी पट्टी पुढे उतरवून दिवा डोळ्यांना थेट दिसणार नाही असं करा. शेगडीच्या बरोबर वर लावू नका, उष्णता आणि तेलाची वाफ दोन्ही त्याला खातात. दुकानात ‘नॅचरल व्हाईट’, म्हणजे 4000 केल्व्हिन मागा.

वय झालेल्या डोळ्याला जास्त प्रकाश लागतो, पण सगळ्यांना सारखा नाही. आजींसारखा पडद्याचा त्रास असेल तर कामाच्या जागी प्रकाश वाढवला की खरोखर सुधारणा होते. मोतीबिंदू असेल तर तोच प्रकाश डोळ्यांत पसरतो आणि सगळं धुरकट होतं, तिथे दिवा झाकलेला असणं जास्त महत्त्वाचं. म्हणून पट्टी बसवण्याआधी हातात धरून, आहे त्या जागी चालू करून विचारा: आता जास्त दिसतं की टोचतं?

चकाकणारा ग्रॅनाइट हा दिव्याचा आरसाच असतो. चिरायच्या जागी मॅट पाट ठेवा, एक पांढरा आणि एक गडद. कांदा-बटाटा गडद पाटावर, मिरची-कोथिंबीर पांढऱ्यावर. ओट्याची पुढची कड पिवळ्या टेपने आखा. समोर खिडकी असेल आणि सकाळचं ऊन डोळ्यांवर येत असेल तर पातळ पडदा लावा.

मीठ आणि साखर ओळखू येत नाहीत. मोठ्या अक्षरांची लेबलं लावू का?

लावा, पण भरवसा डब्याच्या आकारावर ठेवा. साखर गोल डब्यात, मीठ चौकोनी, चहा उंच. हाताला कळतं, अंधारातही कळतं. मसाल्याच्या डब्यात वाट्यांचा क्रम पक्का करा. जिरावण वेगळ्या झाकणाच्या बाटलीत, कारण ते वरून घालायचं असतं आणि तिखट समजून फोडणीत गेलं तर करपतं. फिनाइल, ॲसिड स्वयंपाकघरात नकोच, आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर कुठेच नको.

कामवाल्या बाई डबे जागच्या जागी ठेवत नाहीत, ही तक्रार हमखास येते. त्यांना सांगून भागत नाही. फळीवर डब्याच्या बुडाचा आकार रंगाने आखून ठेवा, मग सांगावं लागत नाही.

प्रत्यक्षात पोहे कसे करतात, सुरुवातीपासून सांगाल का?

आजी खुर्चीवर बसून गडद पाटावर कांदा चिरतात आणि पाटासकट ओट्यावरून सरकवतात. पोहे गडद वाडग्यात भिजवून निथळलेले. मग उभं राहायचं, वॉकर पिवळ्या पट्ट्याशी, पदर खोचलेला. इंदूरच्या थंडीत शाल काढून बिनबाह्यांचा सुती ॲप्रन, ही त्यांची नि माझी तडजोड. गार कढई गार जाळीवर, तेल त्याच वेळी चमच्याने मोजून, त्यानंतर गॅस. आधी तापलेल्या कढईत तेल ओतायचं नाही, कारण किती पडलं ते दिसत नाही.

दोन दाणे मोहरी टाकून कान द्यायचा. तडतडली की बाकीची मोहरी आणि लगेच बटण खालच्या खुणेवर. फोडणी दिसण्यापेक्षा ऐकू लवकर येते, आणि आजींचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. कांद्याचा चर्र आवाज मंदावला की हळद, छोट्या सपाट चमच्याने एकच, मग पोहे. कढई अर्ध्याहून जास्त भरायची नाही. परतायला लांब दांड्याचं लाकडी उलथनं. वाफ आली का हे बघायला झाकण आपल्याकडून नाही, पलीकडच्या बाजूने उचलायचं.

गॅस बंद, बटणाची खूण वर आहे हे अंगठ्याने तपासून मग कढई पायरीवर. प्लेट शेजारीच ठेवून तिथेच वाढायचं. प्लेट घेऊन हॉलमध्ये जाणं बंद. स्वयंपाकघरातच छोटं टेबल ठेवलं आहे, नाहीतर घरातलं कोणी नेतं. दुसऱ्या कपाचा चहा झाकणाच्या थर्मासमध्ये जातो, तो वॉकरच्या पिशवीतून नेला तरी चालतो.

जमिनीचं काय?

पायपुसणी आणि रबरी मॅट काढून टाका, वॉकरचे पाय त्यांच्या कडेत अडकतात. ओल्या कोटा फरशीवर लगेच फडकं फिरवायचं, आणि तेल सांडलं तर आधी वर कोरडं पीठ टाकून मग पुसायचं.

नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी बादल्या, हंडे स्वयंपाकघराच्या वाटेत मांडले जातात, आणि नेमकं तेव्हाच कमी दिसणारा माणूस अडखळतो. भरलेली भांडी एका भिंतीलगत, रोज त्याच भिंतीलगत. वॉकर जाईल एवढी, म्हणजे निदान तीन फूट वाट मोकळी.

वास कमी येतो. गॅस गळला तर?

वयानुसार वास कमी होतो, म्हणून गळती कळवणारा अलार्म लावणं योग्य. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर, पाइपचा गॅस हलका असल्याने त्याचा छताजवळ. बसवणारे उलटं करून जातात, स्वतः बघा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची, छापलेली तारीख तिच्यावरच असते. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा नंबर फोनच्या एका बटणावर ठेवा. आणि गळती झाली तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद, काहीही करायचं नाही, खिडकी उघडून बाहेर पडायचं. हे तोंडी सांगून पुरत नाही, एकदा करून घ्या.

भाजलं तर पहिल्यांदा काय?

नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. बांगड्या, अंगठी सूज येण्याआधी काढायची. नळ बंद असेल तेव्हासाठी बेसिनपाशी साध्या पाण्याची एक बादली कायम भरलेली असू द्या.

आम्ही भाड्याने राहतो, बांधकाम करता येत नाही.

पायरी बांधू नका, मांडा. विटांवर कडप्प्याचा जड तुकडा, खाली पातळ रबर, म्हणजे घसरत नाही. दोन्ही हातांनी ढकलून बघा, हलला तर विटा बदला. फळीखालच्या पट्टीऐवजी चिमट्याने अडकवायचा दिवा चालतो. फक्त त्याची वायर ओट्यावरून लोंबू देऊ नका, ती वरच्या फळीच्या कडेने न्या. भिंतीतला दांडा मात्र मालकाला विचारून पक्काच बसवा. चार भोकं बुजवायला फार खर्च येत नाही.